पॅकेज नऊ लाखांचं, बँकेच्या हिशेबात किती?

प्लेसमेंट झाली की पहिला प्रश्न येतो, ‘पॅकेज किती?’ तुम्ही आकडा सांगता. समोरचा मनातल्या मनात त्याला बाराने भागतो, ‘वा!’ म्हणतो आणि पेढे मागतो. कट्ट्यावर तेवढं पुरतं. पण दोन-तीन वर्षांनी घरात ‘आता स्वतःचं घर बघायला हवं’ अशी चर्चा सुरू होते आणि तुम्ही होमलोनसाठी बँकेत जाता, तेव्हा पॅकेजच्या आकड्यात समोरच्या माणसाला काहीही रस नसतो. तो म्हणतो, ‘शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप द्या.’ आणि त्या स्लिपवर तो पेन्सिलीने काही ओळींवर टिक करतो, काहींवर काट मारतो.

ही काट कुठे आणि का बसते, हे नोकरी लागायच्या आधी कळलं तर बरं. कारण ऑफर लेटरवर सही करताना तुम्ही फक्त पगार स्वीकारत नसता. पुढे तुम्हाला किती कर्ज मिळू शकेल, याचा पायाही तिथेच पडत असतो.

एकाच वर्गातले दोघं

समजा, तुमच्या वर्गातल्या दोघांना एकाच वर्षी नोकरी लागली. तो हिंजवडीत आयटी कंपनीत, ती पुण्यातच सेल्समध्ये. दोघांचं सीटीसी वर्षाला बरोबर ९ लाख. पार्टीही दोघांनी मिळून दिली.

आता त्याचं लेटर उघडू. महिन्याचा ग्रॉस पगार ६६,००० रुपये, त्यातला बेसिक ३३,०००. वर्षाचे झाले ७ लाख ९२ हजार. मग उरलेले एक लाख आठ हजार गेले कुठे? कंपनी स्वतःकडून पीएफमध्ये भरते ते बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे वर्षाला साधारण साडेसत्तेचाळीस हजार. ग्रॅच्युइटीची तरतूद बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे एकोणीस हजार. ग्रुप इन्शुरन्सचा हप्ता साडेअकरा हजारांच्या आसपास. आणि वर्षाअखेरीस कामगिरी बघून मिळणारा ३०,००० रुपयांचा व्हेरिएबल. हे सगळं सीटीसीत मोजलं जातं, पण दरमहा खात्यात येत नाही.

ग्रॉसमधूनही त्याच्या वाट्याचा पीएफ ३,९६० रुपये कापला जातो. व्यवसाय कर महाराष्ट्रात महिन्याला २०० रुपये (फेब्रुवारीत ३००, म्हणून त्या महिन्याची स्लिप शंभर रुपयांनी कमी दिसते, घाबरू नका). सध्याच्या नव्या कररचनेत एवढ्या पगारावर आयकर लागत नाही. म्हणजे हातात आले ६१,८४० रुपये.

तिचं लेटर वेगळं आहे. महिन्याचा ग्रॉस ४०,०००, त्यातला बेसिक २०,०००. पीएफ, ग्रॅच्युइटी, इन्शुरन्स धरून वर्षाचे होतात ५ लाख ३२ हजार. आणि नऊ लाखांपर्यंतचे उरलेले ३ लाख ६८ हजार? त्यांच्यासमोर लिहिलंय ‘टार्गेट इन्सेंटिव्ह’. पीएफचे २,४०० आणि व्यवसाय कराचे २०० वजा जाता तिच्या हातात दरमहा ठरलेले येतात ३७,४०० रुपये. बाकीचं तिच्या विक्रीवर.

मुलगी हुशार आहे. वर्षभरात तिने ३ लाख ४८ हजारांचा इन्सेंटिव्ह कमावला, म्हणजे सरासरी महिन्याला २९,०००. ठरलेल्या पगारात मिळवले की महिन्याची सरासरी ६६,४००. त्याचा व्हेरिएबल पूर्ण मिळाला असं धरून वर्षाची सरासरी काढली, तरी ती ६४,३४० च भरते. म्हणजे खऱ्याखुऱ्या कमाईत ती त्याच्या पुढे आहे.

आता दोघं एकाच बँकेत, एकाच काउंटरला कर्ज मागायला गेलेत असं समजा.

टेबलापलीकडचा हिशेब

नोकरदाराकडून बँका आणि हाउसिंग फायनान्स कंपन्या साधारणपणे एकच गठ्ठा मागतात. तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, पगार जमा होतो त्या खात्याचं सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं स्टेटमेंट, दोन वर्षांचा फॉर्म १६ आणि इन्कम टॅक्स रिटर्न. या कागदांमधून बँकेला एकच आकडा शोधायचा असतो. हा माणूस दरमहा किती हप्ता झेपवू शकेल?

त्यासाठी एक प्रमाण वापरलं जातं. बँकेतले लोक त्याला ‘फॉयर’ म्हणतात. अर्थ सोपा आहे. तुमच्या महिन्याच्या उत्पन्नातला किती भाग हप्त्यांमध्ये जाऊ द्यायचा, याची मर्यादा. उत्पन्न कमी असेल तर ती ४० टक्क्यांच्या आसपास असते, जास्त असेल तर ६० किंवा त्याहूनही थोडी वर जाते. कुणी ती हातात येणाऱ्या पगारावर लावतं, कुणी ग्रॉसवर. आपण मधला मार्ग घेऊ, हातात येणाऱ्याच्या निम्मे.

त्याचा हिशेब एका मिनिटात होतो. ६१,८४० च्या निम्मे ३०,९२०. एवढा हप्ता त्याला झेपेल असं बँक धरते. व्याजदर साडेआठ टक्के आणि मुदत २० वर्षं असेल तर एक लाखाच्या कर्जाला महिन्याला साधारण ८६८ रुपये हप्ता बसतो. भागाकार केला की उत्तर येतं ३५ लाख ६० हजारांच्या आसपास. त्याचा वर्षाअखेरचा व्हेरिएबल बँकेने बघितलाही नाही, आणि त्याचं काही फारसं बिघडलं नाही.

तिच्या फाइलवर मात्र पेन्सिल थांबते. ठरलेले ३७,४०० तर सरळ धरले. पुढे इन्सेंटिव्ह. इथे प्रत्येक बँकेचं धोरण वेगळं. काही जण इन्सेंटिव्ह धरतच नाहीत. बरेच जण सहा किंवा बारा महिन्यांची सरासरी काढतात आणि तिचा निम्मा भाग मोजतात. नोकरी जुनी आणि इन्सेंटिव्ह सातत्याने येत असेल तर काही जण निम्म्याच्याही वर जातात.

निम्मा धरला तर २९,००० चे झाले १४,५००. एकूण उत्पन्न ५१,९००, त्याचा अर्धा २५,९५०, आणि कर्ज साधारण २९ लाख ९० हजार. इन्सेंटिव्ह अजिबात न धरणाऱ्या बँकेत हप्ता १८,७००, आणि कर्ज साडेएकवीस लाखांच्या आसपास.

तिने जे खरोखर कमावलं ते पूर्ण धरलं असतं तर तिला ३८ लाखांच्या वर कर्ज बसलं असतं. म्हणजे तिच्या एकाच कमाईवरून तीन उत्तरं निघाली : साडेएकवीस, तीस, अडतीस. यातलं शेवटचं तिला कुणीच देणार नाही, आणि पहिलं किंवा दुसरं हे ती कुठल्या बँकेत गेली त्यावर ठरेल. म्हणून व्हेरिएबल मोठा असेल तर अर्ज करण्याआधी दोन-तीन ठिकाणी तोंडी विचारायला हवं, ‘तुम्ही इन्सेंटिव्ह किती टक्के धरता, आणि किती महिन्यांचा?’ मात्र विचारणं वेगळं आणि अर्ज करणं वेगळं. प्रत्येक अर्जाबरोबर तुमचा क्रेडिट रिपोर्ट काढला जातो आणि त्याची नोंद राहते. पंधरा दिवसांत पाच ठिकाणी अर्ज टाकले, तर पाचवी बँक आधीच्या चार नोंदी बघून भुवया उंचावते.

जूनचा पगार

हा अन्याय वाटतो ना? जास्त कमावते तिला कमी कर्ज? मला वाटतं, बँकेचं इथे बरंचसं बरोबर आहे. का, ते समजून घ्यायला तिच्या बारा स्लिपा एकापुढे एक मांडून बघा.

मार्चमध्ये, आर्थिक वर्ष संपताना, तिचा इन्सेंटिव्ह ९४,०००. दिवाळीच्या आगेमागे ऑक्टोबरात ६२,०००. बाकी बहुतेक महिन्यांत वीस-पंचवीस हजार. पण जुलैमध्ये फक्त ६,०००, आणि जूनमध्ये शून्य. एप्रिल-मेमध्ये गिऱ्हाईक गावाला, टार्गेट नवीन, काही विकलं गेलं नाही.

आता कल्पना करा, बँकेने तिची पूर्ण सरासरी धरून ३३,२०० रुपयांचा हप्ता बांधून दिलाय. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला कापला जातो, आणि त्याला सरासरी कळत नाही. जूनमध्ये तिच्या खात्यात आले ३७,४००. हप्ता जाऊन उरले ४,२००. त्यात डबा, पेट्रोल, मोबाइल, सोसायटीचा मेंटेनन्स. आणि जुलैही कोरडाच. मार्चचे ९४,००० तोवर शिल्लक असतील तर ठीक. पण पहिला मोठा इन्सेंटिव्ह हातात आल्यावर तो तीन महिने तसाच खात्यात ठेवणारे किती जण तुम्हाला माहीत आहेत?

एक हप्ता चुकला की बँकेकडून दंड लागतो, खात्यात पुरेसे पैसे नव्हते म्हणून आपल्या खात्याचा चार्ज वेगळा, आणि क्रेडिट रिपोर्टवर डाग पडतो तो निराळाच. २० वर्षांत असे २४० हप्ते भरायचे असतात. बँक तुमचा सर्वांत चांगला महिना बघत नाही, ती तुमच्या सर्वांत वाईट महिन्याची तयारी करत असते. व्हेरिएबलला काट लावण्यामागचं सगळं गणित एवढंच आहे.

तीन महिन्यांच्या स्लिपांवर बँक का थांबत नाही, तेही यातूनच कळतं. तिने एप्रिलच्या सुरुवातीला अर्ज केला आणि जानेवारी, फेब्रुवारी, मार्चच्या स्लिपा दिल्या, तर इन्सेंटिव्हची सरासरी निघते ४७,०००. प्रत्यक्षात ती २९,००० आहे. म्हणून व्हेरिएबल दिसला की बँक लगेच म्हणते, ‘मागचं वर्षभराचं दाखवा.’ चांगल्या तिमाहीनंतर अर्ज टाकण्याची युक्ती इथे चालत नाही.

नाव काहीही असो, आकडा हलतो का?

स्लिपवरच्या ओळींची नावं कंपनीगणिक बदलतात. ‘स्पेशल अलाउन्स’, ‘फ्लेक्सी पे’, ‘परफॉर्मन्स पे’, ‘सिटी अलाउन्स’. नावावरून घोळ होतो. त्यापेक्षा तीन महिन्यांच्या स्लिपा शेजारी ठेवा आणि एकेक ओळ आडवी वाचा. बेसिक, एचआरए, स्पेशल अलाउन्स, तिन्ही महिन्यांत तोच आकडा? मग तो फिक्स्ड. आकडा हलला की बँकेच्या लेखी तो व्हेरिएबल, मग त्याचं नाव कितीही भारदस्त असो.

काही ओळी मात्र दरमहा सारख्या असूनही काटल्या जातात. कारण तो पगार नसतो, खर्चाची भरपाई असते. पेट्रोलचं बिल, फोनचं बिल, फूड कार्ड, टूरवरचा दिवसभत्ता. कामासाठी खर्च केले आणि कंपनीने परत दिले, त्यातून हप्ता कसा भरणार? ओव्हरटाइम आणि नाइट शिफ्टचा भत्ता यांचं भवितव्य अधांतरी. वर्षभर नियमित दिसला तर काही ठिकाणी थोडा धरतात.

जॉइनिंग बोनस तर पूर्ण बाद. तो एकदाच मिळतो आणि बहुतेक लेटरमध्ये अट असते की वर्षाच्या आत सोडलंत तर परत करा. पहिल्या वर्षाच्या सीटीसीत हा बोनस घालून आकडा फुगवलेला असेल, तर दुसऱ्या वर्षी तुमचं पॅकेज न बोलता खाली येतं. ऑफर लेटरमध्ये ही ओळ जरूर शोधा.

वार्षिक बोनस कुठे बसतो? तो मासिक स्लिपवर अकरा महिने दिसतच नाही. त्याची साक्ष देतो फॉर्म १६. दोन वर्षांच्या फॉर्म १६ मध्ये तो सलग दिसला, तर काही बँका दोन वर्षांची सरासरी काढून, तिचा काही भाग बाराने भागून मासिक उत्पन्नात मिळवतात. एकाच वर्षाचा असेल तर सहसा सोडून देतात. आपल्या आयटीवाल्याच्या ३०,००० चं तेच झालं.

म्हणजे व्हेरिएबल पगाराला बँकेत किंमत मिळवून देतो तो काळ. आणि इथेच एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. नोकरी बदलली की फिक्स्ड पगार नव्या कंपनीतही दोन-तीन स्लिपांनंतर धरला जातो, कारण तो लेटरमध्ये लिहिलेला असतो आणि स्लिपवर तसाच दिसतो. पण इन्सेंटिव्हचा इतिहास जुन्या कंपनीतच राहतो. नव्या ठिकाणी मीटर शून्यावरून सुरू. घर घ्यायचा विचार सहा महिन्यांवर आला असेल, आणि नवी ऑफर ‘फिक्स्ड तेवढंच, पण इन्सेंटिव्ह दुप्पट’ अशी असेल, तर कर्ज मंजूर होऊन वाटप होईपर्यंत थांबलेलं बरं. प्रोबेशनमध्ये असतानाही अनेक ठिकाणी फाइल पुढे सरकत नाही.

स्लिप एकटी बोलत नाही

सॅलरी स्लिप ही शेवटी एक पीडीएफ. ती कुणीही एडिट करू शकतं, हे बँकेला आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे. म्हणून स्लिपवरचा ‘नेट पे’ आणि त्याच महिन्यात खात्यात जमा झालेली रक्कम रुपयाला रुपया जुळते का, हे पहिल्यांदा बघितलं जातं. जमा नोंदीत कंपनीचं नाव आहे का? स्लिपवरचा पीएफ आणि पीएफच्या पासबुकातली नोंद सारखी आहे का? बेसिक ३३,००० लिहिलंय आणि पासबुकात २०,००० च्या हिशेबाने पैसे जमा होतायत, तर प्रश्न येणारच. (काही कंपन्या १५,००० च्या मर्यादेवरच पीएफ भरतात. तसं असेल तर ते लेटरमध्ये असतं, दाखवता येतं.) मग फॉर्म १६ शी वर्षाची बेरीज, आणि शेवटी एचआरला फोन किंवा ईमेल.

‘इन्सेंटिव्ह बेसिकमध्ये दाखवून देतो, कर्ज वाढवून देतो’ म्हणणारा एजंट भेटला तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. त्याचं कमिशन सुटतं, पण कागदांवर सही तुमची असते. बनावट कागद देऊन कर्ज घेणं ही फसवणूक आहे, आणि त्याचा गुन्हा अर्जदारावर दाखल होतो. तेवढं झालं नाही तरी, पकडली गेलेली फाइल बँकेच्या नोंदीत राहते आणि पुढचे दरवाजे बंद होतात.

प्रामाणिक माणसाचीही फाइल अडकते, ती छोट्या कारणांनी. एका महिन्यात बिनपगारी रजा झाली आणि ग्रॉस खाली आला. एका महिन्यात मागचा फरक जमा झाला आणि तो वर गेला. पगाराचे दोन भाग दोन तारखांना आले. इन्सेंटिव्ह वेगळ्या कंपनीच्या नावाने, किंवा सरळ कुणाच्या यूपीआयवरून आला. यातल्या शेवटच्या प्रकाराने फार नुकसान होतं. जो इन्सेंटिव्ह स्लिपवर नाही, तो बँकेच्या दृष्टीने मिळालाच नाही. छोट्या फर्ममध्ये ‘वरचे हातात देतो’ असं सांगितलं जातं तेव्हा हे आठवा. पगार रोख घेणाऱ्याची अडचण याहून मोठी, कारण त्याच्याकडे जुळवायला दुसरा कागदच नसतो.

बाबांच्या कर्जावर तुमची स्लिप

तुम्ही म्हणाल, घर घ्यायला अजून दहा वर्षं आहेत. पण तुमची स्लिप त्याआधीच कुणीतरी मागेल, आणि बहुधा ते घरचेच असतील. बाबा ५६ वर्षांचे, चार वर्षांत निवृत्ती. नोकरदाराला कर्जाची मुदत साधारण निवृत्तीच्या वयापर्यंतच मिळते. चार वर्षांत फेडायचं तर लाखामागे हप्ता ८६८ नाही, जवळजवळ अडीच हजार बसतो. मग बँकच सुचवते, ‘मुलाला किंवा मुलीला सहअर्जदार करा.’ तुमचं वय बावीस-तेवीस, मुदत लगेच लांबते, हप्ता खाली येतो.

घरासाठी करायलाच हवं, तर करा. फक्त एवढं माहीत असू द्या की सहअर्जदार म्हणजे साक्षीदार नव्हे. पूर्ण कर्ज तुमच्याही नावावर येतं, तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर दिसतं, आणि उद्या तुम्ही स्वतःसाठी कर्ज मागायला गेलात की तो हप्ता तुमच्या मर्यादेतून वजा होतो, जरी तो बाबांच्या खात्यातून जात असला तरी. बाबाच भरतात हे दाखवायला त्यांच्या खात्याची स्टेटमेंट जपून ठेवली तर काही बँका ते विचारात घेतात. सगळ्याच घेतील असं नाही. कर्जात नाव घालताना घराच्या करारातही नाव आहे का, हे विचारायला लाजू नका.

हीच वजाबाकी तुमच्या बाइकलाही लागू होते. महिन्याला ५,००० चा बाइकचा आणि फोनचा हप्ता चालू असेल, तर २० वर्षांच्या मुदतीच्या होमलोनमधून साधारण पावणेसहा लाख कमी होतात. पाच हजारांत एवढं जातं हे आधी खरं वाटत नाही. ५,००० ला ८६८ ने भागून बघा.

पुन्हा सेल्सवालीकडे येऊ. तिला तीस लाख देणारी बँक भेटली तर तिने घ्यावेत का? २५,९५० चा हप्ता भरून जूनमध्ये तिच्याकडे ११,४५० उरतील. मी तिच्या जागी असते, तर कर्ज फिक्स्ड पगारावर बेतलं असतं, इन्सेंटिव्हवर नाही. पुण्यात साडेएकवीस लाखांत काय मिळतं, हा प्रश्न रास्त आहे. मुदत ३० वर्षं केली तर तेच १८,७०० चोवीस लाखांच्या वर नेतात. बाकीचं डाउनपेमेंट वाढवून, थोडं लांबचं घर बघून किंवा दोन वर्षं थांबून.

आणि मग इन्सेंटिव्हचं काय करायचं? बदलत्या व्याजदराच्या होमलोनवर व्यक्तीला मुदतीआधी पैसे भरल्याचा दंड लावता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. साडेएकवीस लाखांचं, वीस वर्षांचं कर्ज घेऊन तिने दरवर्षी मार्चच्या मोठ्या इन्सेंटिव्हनंतर दीड लाख जादा भरले, म्हणजे वर्षाच्या इन्सेंटिव्हच्या निम्म्याहूनही कमी, तर व्याजदर तोच राहिल्यास कर्ज साधारण आठ वर्षांत संपतं. एखाद्या वर्षी धंदा झाला नाही, तर जादा भरायचे नाहीत, बस्स. हप्ता तेवढाच राहतो.

आता ऑफर लेटर हातात असेल, तर सही करण्यापूर्वी एचआरला तीन गोष्टी विचारा. यातला दरमहा खात्यात येणारा ठरलेला पगार किती? व्हेरिएबल महिन्याला, तिमाहीला की वर्षाला मिळतो, आणि तो स्लिपवर वेगळ्या ओळीत दिसतो का? मागच्या वर्षी तुमच्या टीममध्ये फ्रेशर्सना त्यातला प्रत्यक्षात किती मिळाला? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर गोलमोल आलं, तर त्याच टीममधला एखादा सीनियर गाठा. तो चहावर खरं सांगेल.

आणि नोकरी लागल्यावर दर महिन्याची स्लिप स्वतःच्या ईमेलवर उतरवून ठेवा. कंपनी सोडली की पोर्टलचा पासवर्ड बहुधा त्याच संध्याकाळी बंद होतो. मग दोन वर्षांपूर्वीच्या इन्सेंटिव्हचा पुरावा मागायला तुम्हाला अशा एचआरला फोन करावा लागतो, जिला आता तुमचं नावही आठवत नाही.